विश्लेषण : टीबी बरा झाला, तरी धाप का लागते?

सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण झाला, थुंकीत जंतू सापडले नाहीत, कार्डावर ‘बरा झाला’ असा शेराही पडला. तरीही जिना चढताना दम लागतो, सकाळी खोकला येतो, पूर्वीचे काम झेपत नाही. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाला अनेकदा एक तर ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू’ असे सांगितले जाते, नाही तर ‘टीबी उलटला’ असे गृहीत धरून पुन्हा गोळ्या सुरू केल्या जातात. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी शक्यता आहे. जंतू गेलेले असतात, पण जाताना ते फुफ्फुसाचे कायमचे नुकसान करून गेलेले असतात. वैद्यकीय भाषेत याला ‘क्षयरोगोत्तर फुफ्फुसविकार’ म्हणतात. हा विकार नेमका काय आहे, तो ओळखायचा कसा आणि अशा रुग्णांचा पाठपुरावा सध्या कसा होतो, याचा हा आढावा.

‘बरा झाला’ याचा नेमका अर्थ काय?

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात नेहमीच्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या टीबीसाठी सहा महिन्यांचा उपचार असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे. सुरुवातीला ज्याच्या थुंकीत जंतू सापडले होते, त्याच्या थुंकीत उपचाराच्या शेवटी जंतू सापडले नाहीत तर त्याची नोंद ‘बरा झाला’ अशी होते. ज्याची शेवटची थुंकी तपासणी झालेली नाही, पण गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला आहे, त्याची नोंद ‘उपचार पूर्ण’ अशी होते.

दोन्ही नोंदी जंतूंबद्दल आहेत. रुग्णाकडून इतरांना संसर्ग होण्याचा धोका संपला का आणि औषधाने काम केले का, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. फुफ्फुसे किती हवा आत-बाहेर करतात, चालताना रक्तातील ऑक्सिजन टिकतो का, हे प्रश्न या व्याख्येत येतच नाहीत. त्यामुळे ‘बरा झाला’ हा शेरा पूर्णपणे खरा असूनही रुग्णाला धाप लागू शकते. डॉक्टर किंवा रुग्ण यांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे, असा त्याचा अर्थ नसतो.

जंतू मेल्यावर फुफ्फुसात काय उरते?

फुफ्फुस स्पंजासारखे असते आणि त्याच्या लवचीकपणामागे कोलॅजन व इलॅस्टिन या धाग्यांची जाळी असते. टीबीचे जंतू स्वतः ही जाळी फारशी तोडत नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीराच्या पेशीच काही विकरे, म्हणजे एन्झाइम्स, सोडतात आणि ती ही जाळी विरघळवतात. लढाई जितकी लांबते आणि जंतू जितके जास्त असतात, तितकी ही तोडफोड मोठी होते. औषध सुरू होईपर्यंत गेलेला काळ म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

औषधाने जंतू मरतात, पण विरघळलेली जाळी तशीच परत विणली जात नाही. त्या जागी तीन प्रकारचे बदल राहू शकतात. पहिला म्हणजे व्रण. मऊ भागाच्या जागी ताठर ऊती तयार होतात, तो भाग आकसतो आणि फुफ्फुस पुरेसे फुगत नाही. दुसरा म्हणजे श्वासनलिकांचे बदल. काही नलिका अरुंद होतात, त्यामुळे आत गेलेली हवा बाहेर पडायला वेळ लागतो. काही नलिका उलट कायमच्या रुंद आणि सैल होतात, त्याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. अशा सैल नलिकांत बेडका साचतो आणि पुनःपुन्हा जंतुसंसर्ग होतो. तिसरा बदल म्हणजे पोकळी. जिथे फुफ्फुसाचा भाग गळून गेला तिथे रिकामी जागा राहते.

बहुतेक रुग्णांत हे बदल एकत्र आणि कमी-अधिक प्रमाणात दिसतात. म्हणूनच दोन रुग्णांचा एक्स-रे सारखा दिसला तरी एकाला मुख्यतः खोकला-बेडक्याचा आणि दुसऱ्याला मुख्यतः दमाचा त्रास असू शकतो.

हा त्रास किती जणांना होतो?

टीबी होऊन त्यातून वाचलेले साधारण १५ कोटी ५० लाख लोक २०२० मध्ये जगात हयात होते, असा अंदाज ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात २०२१ मध्ये मांडण्यात आला. जगातील टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्याने या संख्येतील मोठा वाटाही येथीलच आहे. यातील प्रत्येकाला त्रास आहे असे नाही. किती जणांना होतो, याची कल्पना काही परदेशी अभ्यासांवरून येते.

आफ्रिकेतील मलावी देशाच्या ब्लांटायर शहरात उपचार पूर्ण केलेल्या ४०५ रुग्णांची तपासणी करण्यात आली. उपचार संपला त्या वेळी सुमारे ६० टक्के लोकांना खोकला, दम यांपैकी काही ना काही लक्षण होते, तर साधारण एक तृतीयांश लोकांची श्वास मोजण्याची चाचणी बिघडलेली होती. वर्षभरानंतरही सुमारे ३० टक्के लोकांची लक्षणे कायम होती. याचा अर्थ असा की, उपचारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांना आपोआप आराम पडतो. मात्र वर्ष उलटूनही त्रास असेल तर तो ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देण्यासारखा नसतो.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीतील कामगारांच्या एका मोठ्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. एकदा टीबी झालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांच्या श्वासाच्या वहनात कायमचा अडथळा राहिला. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण २७ टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ३५ टक्के होते. खाणीतील धुळीचाही त्यात वाटा असू शकतो, पण आजार पुन्हा होण्याबरोबर नुकसान वाढत जाते, हा कल स्पष्ट आहे.

सध्या पाठपुरावा कसा होतो?

भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाची विचारपूस व तपासणी करायची असते. दोन वर्षे निवडण्यामागे कारण आहे. टीबी उलटायचा असेल तर तो बहुधा याच काळात उलटतो. या भेटीत किंवा दूरध्वनीवरील चौकशीत खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे विचारली जातात. लक्षण असेल तर थुंकी तपासायला घेतली जाते आणि नोंद ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत होते.

ही व्यवस्था ज्यासाठी आखली आहे ते काम, म्हणजे उलटलेला टीबी पकडणे, योग्यच आहे. अडचण दुसरीकडे आहे. धाप लागणाऱ्या माणसाची थुंकी तपासली, ती निगेटिव्ह आली की या व्यवस्थेच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. रुग्णाचा प्रश्न मात्र तिथून सुरू होतो. गोळ्या थांबल्यामुळे टीबी केंद्राशी त्याचा नियमित संबंध संपलेला असतो. पोषण आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून मिळणारे महिन्याला एक हजार रुपयेही उपचाराच्या कालावधीपुरतेच असतात. पुढे तो जनरल प्रॅक्टिशनरकडे जातो, तिथे त्याच्या छातीचा मूळचा हिशेब कोणाकडेच नसतो.

मूळचा हिशेब हा इथे कळीचा शब्द आहे. उपचार संपला त्या दिवशी फुफ्फुसांची क्षमता किती होती, हे मोजून ठेवलेले नसेल तर दोन वर्षांनी आलेला आकडा घसरणीचा आहे की तेव्हापासून तितकाच आहे, हे कोणीही सांगू शकत नाही. छातीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांत म्हणूनच उपचार संपताना प्रत्येक रुग्णाचे क्षयरोगोत्तर विकारासाठी मूल्यमापन करावे, असे सुचवले आहे.

धाप लागली की ‘टीबी उलटला’ असे का समजले जाते?

कारण दोन्हींची लक्षणे एकमेकांवर येतात आणि तपासण्याही सहज फसवतात. एक्स-रेवर जुने व्रण आणि पोकळ्या आयुष्यभर दिसत राहतात. नव्या डॉक्टरांनी जुना एक्स-रे न पाहता फक्त नवा पाहिला, तर डाग आजचा आहे की पाच वर्षांपूर्वीचा, हे ओळखणे कठीण असते. दोन एक्स-रे शेजारी लावले आणि डाग जसाच्या तसा असेल, तर तो बहुधा व्रण असतो. नवा डाग किंवा वाढलेली पोकळी दिसली तर ते संशयाचे कारण ठरते.

थुंकीच्या जलद चाचण्यांचीही एक मर्यादा आहे. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या चाचण्या जंतूचा डीएनए शोधतात. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्यांना कळत नाही. उपचारानंतर मेलेल्या जंतूंचे अवशेष काही महिने, प्रसंगी काही वर्षेही थुंकीतून येऊ शकतात. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसाची चाचणी अगदी कमी प्रमाणात पॉझिटिव्ह आली, तर ती लक्षणे आणि एक्स-रेशी ताडून पाहावी लागते आणि कल्चर करावे लागते. कल्चरमध्ये जिवंत जंतूच वाढतात. द्रव माध्यमातील कल्चर निगेटिव्ह म्हणण्यापूर्वी सहा आठवडे वाट पाहावी लागते, म्हणून अनेकदा ते टाळले जाते.

चुकीच्या निदानाची किंमत मोठी असते. गरज नसताना सहा महिने घेतलेल्या गोळ्यांचा यकृतावर ताण येऊ शकतो. पूर्वी पुन्हा उपचार घेणाऱ्यांना ‘कॅटेगरी टू’मध्ये दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली जात आणि त्याने काहींच्या ऐकण्यावर परिणाम होई. तो प्रकार आता बंद झाला आहे. मात्र मूळ दोष राहतो. या गोळ्यांनी धाप कमी होत नाही आणि धापेच्या खऱ्या कारणावरील उपचार आणखी सहा महिने लांबतात.

याउलट चूकही होते. सगळा त्रास जुन्या व्रणांच्या माथी मारला आणि खरोखर उलटलेला टीबी निसटला, तर नुकसान त्याहून मोठे. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी थुंकी तपासून सक्रिय टीबी नाही याची खात्री करायची, मगच श्वासाची मोजणी करायची. स्पायरोमेट्रीत रुग्ण जोरात फुंकर मारतो, त्यामुळे इतरांच्या सुरक्षेसाठीही हा क्रम पाळावा लागतो.

मोजणी नेमकी कशी होते? एक उदाहरण

समजण्यासाठी एक काल्पनिक पण नेहमी दिसणाऱ्या प्रकारचे उदाहरण घेऊ. धान्य बाजारात गोणी वाहणारे ४५ वर्षांचे एक माथाडी कामगार. उपचार संपून आठ महिने झाले. ताप नाही, वजन स्थिर आहे. पण सपाट रस्त्यावरही बरोबरीच्या माणसांच्या मागे पडतात आणि गोणी घेऊन वीस पावले गेले की थांबावे लागते. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग एक्स-रेवर आकसलेला दिसतो आणि मुख्य श्वासनलिका उजवीकडे ओढली गेली आहे. जुन्या एक्स-रेतही तसेच आहे. सीबीनॅट निगेटिव्ह, सहा आठवड्यांनी कल्चरही निगेटिव्ह.

आता स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावून, नळी ओठांत घट्ट धरून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि जितक्या जोरात व जितका वेळ जमेल तितका सोडायचा. किमान तीन वेळा. यातून दोन आकडे मिळतात. पूर्ण फुंकरीत एकूण किती हवा बाहेर आली, हा पहिला. त्यातील किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर आली, हा दुसरा. या कामगाराच्या वय आणि उंचीच्या निरोगी माणसात पहिला आकडा साधारण ३.६ लिटर अपेक्षित धरला, तर त्यांचा आला २.३ लिटर. म्हणजे फुफ्फुसात मावणारी हवाच कमी झाली आहे. पहिल्या सेकंदातील हवा १.४५ लिटर. ही एकूण हवेच्या ६३ टक्के होते. हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नलिकांत अडथळा आहे असे मानतात. म्हणजे इथे दोन्ही दोष आहेत. फुफ्फुस आकसलेले आहे आणि नलिकाही अरुंद आहेत.

यानंतर साल्ब्युटामॉलचे औषध पंपातून देऊन १५ मिनिटांनी चाचणी पुन्हा केली. पहिल्या सेकंदातील हवा १.५२ लिटर झाली. फरक जेमतेम ७० मिलिलिटरचा. दम्याच्या रुग्णात पंपानंतर आकडा ठळकपणे वाढतो, इथे तसे झालेले नाही. म्हणजे नलिका आवळलेल्या नसून व्रणांमुळे कायमच्या अरुंद झाल्या आहेत. या एका चाचणीने ‘दमा असेल’ हा अंदाज बराच मागे पडतो.

तिसरी मोजणी सर्वांत साधी आहे. तीस मीटरचा सरळ व्हरांडा, दोन टोकांना खुणा आणि बोटाला ऑक्सिमीटर. सहा मिनिटांत जमेल तितके चालायचे, लागल्यास थांबायचे. हे कामगार ३८० मीटर चालले. बसलेले असताना त्यांचा ऑक्सिजन ९६ टक्के होता, चालताना तो ८९ पर्यंत उतरला. दवाखान्यात खुर्चीवर बसवून बोटाला यंत्र लावले असते तर ‘सगळे नॉर्मल’ असेच उत्तर मिळाले असते. धाप लागते असे सांगणाऱ्या रुग्णाला चालवून पाहणे म्हणून महत्त्वाचे आहे.

यावर उपचार काय?

गेलेला भाग परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही. उपचाराचे उद्दिष्ट उरलेल्या क्षमतेतून जास्तीत जास्त काम करून घेणे आणि ती आणखी घटू न देणे, हे असते. त्यात सर्वाधिक आधार आहे तो फुफ्फुस पुनर्वसनाचा, म्हणजे देखरेखीखालील व्यायामाचा. धाप लागते म्हणून माणूस चालणे कमी करतो, त्याने पायांचे स्नायू क्षीण होतात. क्षीण स्नायूंना त्याच कामासाठी जास्त ऑक्सिजन लागतो आणि धाप वाढते. व्यायाम हे चक्र उलट फिरवतो.

वरच्या उदाहरणात हिशेब असा. सहा मिनिटांत ३८० मीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ६३ मीटर. सुरुवात त्याच्या ८० टक्के वेगाने, म्हणजे मिनिटाला ५० मीटर. दहा मिनिटांत पाचशे मीटर, आठवड्यातून तीनदा भौतिकोपचारतज्ज्ञाच्या नजरेखाली आणि बाकीचे दिवस घरी. ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला तर थांबायचे. दर आठवड्याला काही मिनिटे वाढवत तीस मिनिटांपर्यंत न्यायचे. हातांसाठी पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्या, म्हणजे एकेक किलोचे वजन. दम लागला की ओठ शीळ घालताना करतात तसे आवळून हळू श्वास सोडायचा, म्हणजे नलिका मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते.

ज्यांना बेडका जास्त आहे त्यांना सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे छाती मोकळी करण्याचे तंत्र शिकवतात. काही खोल श्वास, मग आरशावर वाफ धरावी तसा तोंड उघडून ‘हा’ असा जोरकस उच्छ्वास, मग थोडी विश्रांती. नुसत्या ठसक्याने खोकण्यापेक्षा याने बेडका कमी श्रमात वर येतो.

आठ आठवड्यांनी अशा रुग्णात साधारणपणे काय दिसते? स्पायरोमेट्रीचा आकडा जवळपास तोच असतो, समजा १.४८ लिटर. चालण्याचे अंतर मात्र ३८० वरून ४३५ मीटर होते. तीस मीटरची वाढही रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवते असे मानले जाते, त्यामुळे ५५ मीटर हा खरा फायदा आहे. फुफ्फुस तेवढेच आहे, पाय सुधारले आहेत. गोणी वाहण्याचे काम परत जमेलच असे नाही. मोजणी किंवा नोंदणीचे काम मागण्यासाठी मात्र या कामगाराच्या हातात आता आकडे असतात.

पंपांबाबत थोडी सावधगिरी लागते. नलिकेतील अडथळा सिद्ध झाला असेल तर नलिका रुंद करणारे पंप देऊन पाहता येतात आणि काहींना बरे वाटते. टीबीनंतरच्या रुग्णांवर त्यांचा स्वतंत्र अभ्यास मात्र फारसा झालेला नाही. स्टेरॉइडयुक्त पंप दम्यात उपयोगी असतात. इथे दमा सिद्ध झालेला नसताना ते वर्षानुवर्षे घेतल्यास छातीत संसर्ग होण्याचा, अगदी टीबी पुन्हा जागा होण्याचाही धोका वाढू शकतो. याशिवाय बिडी-सिगारेट पूर्ण बंद, चुलीचा धूर आणि कामावरील धूळ टाळणे, मधुमेह असल्यास तो आटोक्यात ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्फ्लुएन्झा व न्यूमोकोकसची लस घेणे, ही कामे पुढची घसरण रोखतात.

कोणत्या लक्षणांवर थांबू नये?

पहिले लक्षण थुंकीतून रक्त. जुन्या पोकळीच्या किंवा सैल नलिकेच्या भिंतीतील रक्तवाहिनी फुटली तरी रक्त येते, त्यासाठी टीबी उलटलेलाच असावा लागत नाही. कपभर रक्त पडले किंवा ते थांबत नसेल तर तातडीने मोठ्या रुग्णालयात जावे लागते. तिथे त्या रक्तवाहिनीत सूक्ष्म नळी घालून ती आतून बंद करता येते. वाटेत रुग्णाला ज्या बाजूचे फुफ्फुस खराब आहे त्या कुशीवर झोपवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. ही बाजू कोणती, हे घरच्यांना आधीच माहीत असलेले बरे.

दुसरी शक्यता बुरशीची. रिकाम्या पोकळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढू शकते. ती हवेत सर्वत्र असते आणि निरोगी माणसाला त्रास देत नाही. महिनोन्‌महिने खोकला, वजन घटणे, थकवा, मधूनच रक्त, पण थुंकीची टीबी तपासणी वारंवार निगेटिव्ह, अशी स्थिती असेल तर या बुरशीचा विचार करावा लागतो. तिच्यासाठी सीटी स्कॅन आणि रक्तातील ॲस्परजिलसविरोधी प्रतिपिंडांची चाचणी असते. उपचारात इट्राकोनॅझोलसारखे औषध किमान सहा महिने द्यावे लागते. टीबीवरील रिफाम्पिसिन हे औषध इट्राकोनॅझोलची रक्तातील पातळी खूप खाली आणते. म्हणजे अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू असतील तर बुरशीचे औषध देऊनही लागू पडत नाही.

तिसरे लक्षण पायांवर सूज आणि बसल्या जागी दम. दीर्घकाळ कमी ऑक्सिजन मिळाल्याने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आल्याचे ते चिन्ह असू शकते. त्यासाठी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, करावी लागते आणि काहींना घरी ऑक्सिजन लागतो.

मग अडते कुठे?

चालण्याच्या चाचणीला व्हरांडा, घड्याळ आणि ऑक्सिमीटर एवढेच लागते. कोविडच्या साथीनंतर ऑक्सिमीटर आरोग्य उपकेंद्रापर्यंत पोहोचले आहेत. स्पायरोमीटर आणि तो नीट चालवणारा तंत्रज्ञ मात्र प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालये आणि खासगी छातीरोगतज्ज्ञांकडे असतो. फुफ्फुस पुनर्वसनासाठी आठवड्यातून तीनदा शहरात येणे रोजंदारीवरील माणसाला परवडत नाही. दोन-तीन भेटींत तंत्र शिकवून बाकी व्यायाम घरी करून घेणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

कायद्यातही एक फट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले आहे. त्यात ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ असा स्वतंत्र प्रकार आहे. जंतू गेले तरी आजाराने मागे ठेवलेले व्यंग राहते, हे कायद्याने तिथे स्वीकारले आहे. क्षयरोगमुक्त व्यक्तीच्या निकामी झालेल्या फुफ्फुसासाठी त्या यादीत जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये टीबीमुळे येणाऱ्या दिव्यांगत्वावर धोरण टिपण प्रसिद्ध केले. मात्र यादीत बदल होत नाही तोवर वरच्या उदाहरणातील कामगाराला फुफ्फुसाच्या नुकसानीसाठी दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकत नाही.

तोपर्यंत रुग्णाच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे त्याची फाइल. उपचार संपण्याच्या दिवशीचा एक्स-रे, शेवटच्या थुंकी तपासणीचा अहवाल, त्या दिवशीचे वजन आणि सहा मिनिटांत चाललेले अंतर व त्या वेळचा ऑक्सिजन, शक्य असेल तर स्पायरोमेट्री. दोन वर्षांनी धाप वाढली, तर नव्या डॉक्टरांसमोर हीच कागदपत्रे टीबी उलटला आहे की जुनाच व्रण आहे, हे ठरवायला सर्वांत जास्त उपयोगी पडतात.